पंक्चरचं अरबी व्याकरण

सौदी अरेबियातल्या अल-उलाबद्दल लिहायला बसले होते, पण खरं सांगायचं तर अल-उला दोन वाक्यांत संपेल. नबाती लोकांनी डोंगर कोरून केलेली हेग्राची थडगी अप्रतिम आहेत. त्यांची तिकिटं, बसची वाट आणि 'इथून पुढे जाऊ नका' असं सांगणारे दोरखंड तितकेच कंटाळवाणे. मला आठवतोय तो जेद्दाहून तिकडे जाणारा साधारण सातशे किलोमीटरचा रस्ता, आणि त्यावरचं एक टायरवाल्याचं दुकान.

यान्बू मागे पडलं आणि गाडी एका बाजूला खेचू लागली. भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीने विम्याचे चार कागद सही करून घेतले होते, पण स्टेपनीत हवा आहे का हे कुणी पाहिलं नव्हतं. नव्हतीच. उजवा मागचा टायर बसलेला, डिकीतली स्टेपनीही बसलेली, आणि सावली म्हणून फक्त आमचीच गाडी. नवरा फोनवर कंपनीशी भांडत होता. शेवटी एका पिकअपवाल्याने आम्हाला दोन्ही चाकांसकट पुढच्या पेट्रोल पंपावर नेलं आणि पैसे विचारले तर हातच जोडले. सौदीतल्या आदरातिथ्याबद्दल मी बरंच ऐकलं होतं. ते हॉटेलांत फारसं दिसलं नाही, रस्त्यावर दिसलं.

पंपाशेजारच्या दुकानावर चार अक्षरांची पाटी होती: ब, न, श, र. बन्शर. म्हणजे आपलं पंक्चर. अरबीत 'प' नाही, त्याचा 'ब' होतो. 'च'ही नाही, त्याचा 'श' झाला. मधला 'क' आपण 'पंचर' म्हणताना गिळतो तसा त्यांनीही गिळला. मी थोडीफार अरबी शिकलेली असल्यामुळे पाटी वाचून खूश झाले, पण खरी गंमत मालकाने तोंड उघडल्यावर सुरू झाली. तो येमेनी होता. आमच्याकडे बघून म्हणाला, "सय्यारा मुबन्शिरा?" म्हणजे गाडी पंक्चर झालीय का?

यात काय झालंय ते नीट सांगते. अरबीत चार व्यंजनांच्या धातूंचा एक घडलेला साचा आहे. भाषांतर करण्याचं क्रियापद 'तर्जम', त्यात त, र, ज, म ही चार व्यंजनं. इंग्रजीतून आलेल्या शब्दात नेमकी चार व्यंजनं उरली, ब, न, श, र, आणि तो थेट त्या साच्यात जाऊन बसला. 'बन्शर' म्हणजे पंक्चर झालं, 'यिबन्शिर' म्हणजे होतं, 'मुबन्शिर' म्हणजे पंक्चर झालेलं. आणि गाडी, 'सय्यारा', स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी 'आ' लागून 'मुबन्शिरा'. टायर पुल्लिंगी, म्हणून तो नुसता 'मुबन्शिर'. आपण 'पंक्चर झाली' म्हणताना लिंग 'झाली'वर टाकतो. त्यांनी ते पंक्चरमध्येच कोंबलं. असली दुकानं अनेक असली की 'बनाशिर'. मस्जिदचं अनेकवचन 'मसाजिद', दफ्तरचं 'दफातिर', तोच हा साचा. शब्दाच्या शेवटी काही चिकटवायचं नाही, आतले स्वर बदलायचे.

टायरला इथे 'कफर' म्हणतात. इंग्रजी 'कव्हर'मधला 'व्ह' अरबीत नाही, म्हणून 'फ'. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे पाटीवर फक्त क, फ, र दिसतं. काफर शब्दातलीच ही तीन अक्षरं. नवशिका माणूस हायवेवरच्या या पाट्या वाचून हबकलाच पाहिजे. पण 'कफर'चं अनेकवचन आतून मोडत नाही. त्याला सरळ 'आत' लागतो: 'कफरात'. नवीन आलेल्या शब्दांसाठी हा 'आत' हमखास तयार असतो. 'तलिफिझ्यूनात' हेही त्यातलंच.

मग कुठल्या शब्दाला आत आणि कुठल्याला मोडतोड? माझा अंदाज असा की शब्द कानाला अरबी साच्यासारखा लागला आणि लोकांच्या रोजच्या तोंडी रुळला की त्याची मोडतोड होते. 'बँक'चे तीन व्यंजनांत 'बुनूक' होतात. 'फिल्म'चे 'अफ्लाम' होतात, आणि इथे आपल्याला हसायला हरकत नाही, कारण आपण सरकारी समित्यांचे जे 'अहवाल' वाचतो ते याच साच्यातलं 'हाल'चं अनेकवचन आहे. फिल्म-अफ्लाम, हाल-अहवाल.

मालकाने तेवढ्यात बॉनेट उघडून ऑइल फिल्टर दाखवला आणि तोही बदला म्हणाला. (आम्ही बदलला नाही. गाडी आमची नव्हती.) फळीवर खोके होते, त्यांच्याकडे बोट करून तो म्हणाला, "फलातिर जदीदा", नवे फिल्टर. 'फिल्टर'ची चार व्यंजनं, त्यामुळे लगेच 'फलातिर'. पण 'जदीदा' का? एक फिल्टर पुल्लिंगी, 'फिल्तर जदीद'. निर्जीव वस्तू अनेक झाल्या की अरबी व्याकरण त्या ढिगाला एकच बाई समजतं, म्हणून विशेषण स्त्रीलिंगी एकवचनात. हा नियम कारखान्यातून कालपरवा आलेल्या फिल्टरलाही सोडत नाही.

द्विवचनही सोडत नाही. संस्कृतचं द्विवचन आपण कधीच टाकून दिलं, अरबीने जपलं. आमच्या दोन टायरांना तो 'कफरैन'च्या जवळचं काहीतरी, 'कफरेन', म्हणाला. तीन ते दहापर्यंत 'कफरात', आणि अकरापासून पुन्हा एकवचनी 'कफर'. मी मुद्दाम विचारलं, अकरा टायर कसं म्हणता? त्याने नवऱ्याकडे 'हिला ऊन लागलं का' अशा नजरेने पाहिलं आणि उत्तर बरोबर दिलं.

स्टेपनीला त्याचा शब्द होता 'इस्तब्ना'. स्टेपनीच. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर 1904 च्या सुमाराला जादा चाक विकणारी कंपनी निघाली, तिचं नाव आपल्याकडेही राहिलं आणि इथेही. शब्दाच्या सुरुवातीला 'स्त' असं जोडाक्षर अरबीला चालत नाही, म्हणून आधी 'इ'. आपल्याकडे खेड्यात 'इस्टेशन' होतं तसं. शेवटी 'आ' आला म्हणून स्त्रीलिंगी. इजिप्तमध्ये तोच शब्द 'इस्तब्न', 'आ'शिवाय, म्हणजे पुल्लिंगी. शब्द एकच, लिंग मात्र नुसत्या शेवटच्या आवाजावर ठरलं.

दोन्ही चाकं दुरुस्त झाली, पैसे वाजवी, वर गोड चहा. रात्री अल-उलात पोचलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते आणि नकाशावर बर्गर शोधताना मला पुन्हा व्याकरणाने गाठलं. 'ग' हा आवाज प्रमाण अरबीत नाही. इजिप्तचे लोक 'जीम' अक्षर 'ग' उच्चारतात, म्हणून ते बर्गर 'जीम'ने लिहितात. लेबनॉन, सीरियात 'गैन'ने. सौदीत बोलताना 'क़ाफ' अक्षराचा, म्हणजे 'कफर'मधल्या नव्हे तर घशातून येणाऱ्या 'क'चा, 'ग' होतो, म्हणून इथले बरेच लोक 'क़ाफ'ने लिहितात. गूगललाही या तीन अक्षरांनी तीन तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. मी 'जीम'ने शोधलं तर दोनच दुकानं आली, एक बंद. 'क़ाफ'ने शोधलं तर आमच्या हॉटेलच्या मागच्या गल्लीतलं निघालं. बर्गर कोरडा होता आणि फार महाग, पण रात्री साडेअकराला मिळाला.