नोंद 9: शेअर एकच, ब्रेकइव्हन दोन

या सिरीजला ठरवल्याप्रमाणे एकाच शेअरवर दोन कागदी पोझिशन शेजारी शेजारी चालवल्या. एकीत कव्हर्ड कॉल, दुसरीत प्रोटेक्टिव्ह पुट. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही आणि आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केलेत. शेअर 500 रुपयांना, लॉट 1000 चा. पहिल्या वहीत शेअर घेऊन 520 चा कॉल 12 रुपयांना विकला. दुसऱ्या वहीत तोच शेअर घेऊन 480 चा पुट 10 रुपयांना विकत घेतला.

आधी फजिती सांगून टाकतो. पहिल्या रात्री शीट केली तर दोन्हीचा ब्रेकइव्हन 500 आला. तेव्हाच डोक्यात दिवा लागायला हवा होता. दोन उलट स्वभावाच्या पोझिशन एकाच भावाला बरोबरीत येतीलच कशाला? झालं असं की मी पेऑफ काढला होता, त्यात प्रीमियम धरलाच नव्हता. रेघा वळतात बरोबर जागी, एक 520 ला आणि दुसरी 480 ला, त्यामुळे चित्र पाहून संशय येत नाही. फक्त एक रेघ 12 रुपये वर आणि दुसरी 10 रुपये खाली सरकायची राहिलेली असते. चूक काढून टाकल्यावर शीट अशी (A मध्ये एक्सपायरीचा भाव, उत्तर प्रति शेअर रुपयांत):

```
B2: =MIN(A2,520)-500+12
C2: =MAX(A2,480)-500-10
```

B म्हणजे कव्हर्ड कॉल. शेअर कितीही वर गेला तरी मला 520 च्या वर काही मिळायचं नाही, म्हणून MIN. जास्तीत जास्त नफा 20 अधिक 12, म्हणजे 32 रुपये, लॉटला 32 हजार. खाली मात्र आधार नाही, फक्त 12 रुपयांची गादी आहे. ब्रेकइव्हन 500 वजा 12, म्हणजे 488.

C मध्ये पुट असल्यामुळे 480 च्या खाली शेअर गेला तरी मी 480 ला विकू शकतो, म्हणून MAX. जास्तीत जास्त तोटा 20 अधिक 10, म्हणजे 30 रुपये. वर मोकळं रान. पण विम्याचे 10 रुपये आधी वसूल व्हावे लागतात, म्हणून ब्रेकइव्हन 510.

हे शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर जन्म घालवलेल्या आमच्या तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "पहिल्यात तू इसार घेतलास. माल तुझ्या गोदामात, भाव 520 ला बांधून दिलास. गिऱ्हाईक आलं न्हाई तर इसार तुझा, रवं पण तुझंच. पण बाजार 600 झाला तर बसून बघायचं." बरोबर बारा आणे. उरलेले चार आणे मी जोडले: "आणि तात्या, गूळ 400 झाला तर?" त्यावर ते हसले, म्हणाले, "मग इसार चाटत बस की रं."

एक्सपायरीच्या मंगळवारी आमचा शेअर 507 ला बंद झाला. दोन्ही ऑप्शन शून्य झाले. कव्हर्ड कॉलला 7 अधिक 12, एकूण 19 रुपये, म्हणजे 19 हजार नफा. प्रोटेक्टिव्ह पुटला 7 वजा 10, म्हणजे 3 हजार तोटा. शेअर चढला आणि तरी दुसऱ्या वहीत तोटा! 488 आणि 510 च्या मधला हा पट्टा ज्याने पुट घेऊन बघितलाय त्यालाच कळतो. शेअर तिथे रेंगाळला की कॉलवाला खूश आणि पुटवाला चिडलेला, दोघांकडे शेअर तोच.

इथपर्यंत लिहून मी जवळजवळ निष्कर्षच काढला होता की 488 हा 510 पेक्षा बरा. तो चुकीचा आहे. ब्रेकइव्हन फक्त सांगतो की रेघ शून्याला कुठे छेदते, त्याच्या पलीकडे काय घडतं ते सांगत नाही. 445 चा भाव टाकून बघा: कॉलवाल्याचा तोटा 43 रुपये, पुटवाल्याचा 30 वर अडलेला. 560 टाका: कॉलवाला 32 वर अडकलेला, पुटवाला 50 वर. मग खरा प्रश्न हा की दोन रेघा एकमेकींना कुठे छेदतात.

480 ते 520 च्या मध्ये कव्हर्ड कॉल नेहमी 22 रुपयांनी पुढे असतो, कारण एकाने 12 घेतले आणि दुसऱ्याने 10 दिले. 480 च्या खाली पुट काम करू लागतो आणि ही आघाडी रुपयाला रुपया घटते, 458 ला संपते. तसंच 520 च्या वर, 542 ला संपते. म्हणजे 458 ते 542 मध्ये कव्हर्ड कॉल सरस, त्याबाहेर दोन्ही बाजूंना प्रोटेक्टिव्ह पुट. ज्यांनी शॉर्ट स्ट्रँगल लावलाय त्यांनी हे आकडे ओळखले असतील. 520 चा कॉल आणि 480 चा पुट दोन्ही विकले तर ब्रेकइव्हन हेच. दोन वह्यांची वजाबाकी केली की शेअर कटतो आणि स्ट्रँगल उरतो, मग तसंच यायला हवं. माझ्यासाठी या महिन्याची कमाई ही.

यातून एक जुना वादही मिटला. आमच्या ग्रुपमधल्या एका दादांनी शेअर 410 ला घेतलाय, त्यांचं म्हणणं त्यांचा कव्हर्ड कॉलचा ब्रेकइव्हन 398. खरेदीपासूनचा हिशेब धरला तर तेही खरं. पुटला तर त्यांचा ब्रेकइव्हनच येत नाही, 480 चा पुट हाती असल्यावर कितीही पडझडीत 480 वजा 410 वजा 10, म्हणजे 60 रुपये नफा राहतोच. पण 458 आणि 542 त्यांनाही तेच आहेत, खरेदी भाव दोन्ही रेघांना सारखाच वरखाली सरकवतो. आज कॉल विकायचा की पुट घ्यायचा हे ठरवताना 410 कडे बघून उपयोग नाही.

आता कागदावर न दिसणारी गोष्ट. आपल्याकडे शेअरवरचे ऑप्शन डिलिव्हरीने सेटल होतात. समजा भाव 478 ला बंद झाला असता, तर माझा पुट 2 रुपये आत आला असता आणि हजारच्या हजार शेअर 480 ला खात्यातून गेले असते. ज्याला शेअर ठेवायचाच आहे त्याने पुट एक्सपायरीआधी बाजारात विकून 2 रुपये घ्यावेत, नाहीतर डिलिव्हरीचा एसटीटी आणि ब्रोकरचे जादा चार्ज लागून ते 2 रुपये कुठे गेले ते कळत नाही. कॉलकडे उलट: भाव 523 असेल आणि शेअर सोडायचा नसेल तर कॉल परत विकत घ्यावाच लागेल. आणि शेअर डीमॅटमध्ये पडलेत म्हणून कॉल विकायला मार्जिन लागत नाही असा समज असेल तर तो सोडा. मार्जिन लागतं. शेअर प्लेज करून त्यातलं काही भागवता येतं.

पुढच्या सिरीजला पुटचा स्ट्राइक 490 वर आणून बघणार आहे. प्रीमियम 14 असेल तर सर्वाधिक तोटा 30 वरून 24 वर येतो, पण ब्रेकइव्हन 514 वर जातो. तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, विम्याचा हप्ता वाढवलास म्हण की.