एकाच नावाच्या दोन फायली

त्या दिवशी सकाळी एक चष्म्याचे दुकानदार पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यांना तीन मीटर लांब आणि पाऊण मीटर उंच असा ग्लो साइन बोर्ड हवा होता. त्यावर वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत ‘दृष्टी’ आणि खाली लहान अक्षरांत ‘चष्मे व नेत्रतपासणी’ एवढाच मजकूर होता. अक्षरे कोणीतरी तिरक्या टोकाच्या बोरूने कागदावर काढली होती, कागद स्कॅन केला होता आणि सॉफ्टवेअरकडून त्याची आपोआप बाह्यरेषा करून घेतली होती. पडद्यावर ती अक्षरे इतकी देखणी दिसत होती की ‘संध्याकाळपर्यंत कापून, चिकटवून देतो’ असे मी सहज बोलून गेलो. ही अक्षरे कापायला आणखी काही कष्ट पडतील, असे त्या क्षणी माझ्या मनातही आले नाही.

फाइल नुसत्या बाह्यरेषा दाखवणाऱ्या `Wireframe` मध्ये उघडताच पहिली अडचण दिसली. एकट्या ‘ष’च्या बाह्यरेषेवर चारशेहून अधिक नोड, म्हणजे रेषेला आकार देणारे बिंदू, होते. बोरूची शाई कागदावर जिथे जिथे किंचित फुटली होती, तिथला प्रत्येक दाता सॉफ्टवेअरने इमानाने टिपला होता. छापील कामात असे दाते खपून जातात, पण विनाइलच्या चिकट पातळ प्लास्टिकमधून अक्षरे कापणाऱ्या प्लॉटरची पाती प्रत्येक नोडपाशी दिशा बदलते. ही पाती पेनासारखी टोकावर चालत नाही. तिचे टोक धारकाच्या मध्यापासून साधारण पाव मिलिमीटर मागे असते आणि ती मागून ओढली जात वळते. त्यामुळे अगदी जवळजवळच्या नोडवर तिला वळायला जागाच मिळत नाही, विनाइलची कड कातरल्यासारखी होते आणि कोपऱ्यात बारीक चिरा पडतात. म्हणून मी प्रत्येक अक्षराच्या बाह्यरेषेवरून नव्याने वळणे आखली. जिथे वळणाची दिशा खरोखर बदलते तिथेच नोड ठेवला आणि ‘ष’ चाळीसच्या आसपास नोडमध्ये बसवला. `Reduce Nodes` ने हे काम झटपट होते, पण बोरूच्या अक्षरात जाड फटकारा बारीक कधी होतो ते त्या आज्ञेला कळत नाही, म्हणून देवनागरीसाठी मी ते हातानेच करतो.

शिरोरेषा, काना, वेलांटी आणि अक्षराचे अंग हे सगळे आकार एकमेकांवर चढलेले होते. ते तसेच पाठवले असते, तर प्रत्येक आकाराची पूर्ण बाह्यरेषा कापली गेली असती आणि शिरोरेषेच्या पोटात आडवेउभे काप पडले असते. म्हणून सगळे आकार निवडून `Weld` केले. आता ‘दृष्टी’ हा शब्द शिरोरेषेने बांधलेला एकच अखंड तुकडा झाला.

त्यानंतर बारीक जोडांकडे वळलो. मोठ्या शब्दाची उंची ४० सेंटिमीटर होती, तरी ‘द’ला ‘ृ’ जिथे लागतो तिथे आणि ‘ष’खाली टांगलेला ‘ट’ जिथे जोडला आहे तिथे जाडी जेमतेम तीन मिलिमीटर होती. ग्लो साइनवरच्या अक्षराचा कोणताही भाग चार मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवायचा नाही, हा माझा नेम आहे. कापून झाल्यावर नको असलेले विनाइल सोलताना बारीक पट्टी तुटते, शिवाय आतल्या उजेडाने आणि बाहेरच्या उन्हाने तापून विनाइल आकसू लागले की सर्वांत आधी तीच कडेने उचलते. असे जोड नजरेने शोधत बसण्यापेक्षा अक्षराला आतल्या बाजूने दोन मिलिमीटरचा `Contour`, म्हणजे कडेला समांतर रेषा, देणे सोयीचे असते. ज्या ठिकाणी आतली रेषा तुटून तिचे दोन वेगळे तुकडे होतात, तिथे मूळ जाडी चार मिलिमीटरहून कमी आहे हे लगेच कळते. माझी रेषा दोन्ही जोडांवर तुटली. मी ते सहा मिलिमीटरपर्यंत भरले, दोन फटकारे मिळतात त्या खोल खाचा किंचित गोल केल्या आणि बोरूची सुईसारखी टोके आडवी छाटली. कापलेली अक्षरे उचलून बोर्डावर बसवणारी ट्रान्सफर टेप उलटी ओढताना नेमकी तीच टोके तिच्याबरोबर उठून येतात.

खालच्या ओळीची गत याहून बिकट होती. तिची उंची नऊ सेंटिमीटर होती आणि बोरूचे तेच वळण लहान केल्यामुळे तिच्यातील बारीक रेषा सुमारे सव्वा मिलिमीटरवर आल्या होत्या. तिथे नुसते भरून भागत नाही, कारण भरत गेले की ‘त्र’मधली तिरकी रेष आणि ‘ष्मे’मधली फट बुजून जाते. म्हणून त्या ओळीसाठी बोरूचे वळण सोडून सर्वत्र सारख्या जाडीचे साधे अक्षर घ्यावे लागेल, असे मी दुकानदारांना फोनवर सांगितले. त्यांनी ते आनंदाने मान्य केले, आणि त्याच फोनवर हळूच दुसरी गोष्ट सांगितली, ‘आमच्या शेजारच्या बोर्डासारखे रात्री फक्त अक्षर उजळले पाहिजे, मागची बाजू गडद निळी राहू द्या.’

तोवर आमचा बेत पांढऱ्या ओपल ॲक्रिलिकवर निळी अक्षरे चिकटवण्याचा होता. आता ते उलटे करायचे होते. उजेड आरपार न जाऊ देणारे निळे विनाइल पूर्ण पृष्ठभागावर राहणार आणि अक्षरांच्या जागी ते काढून टाकायचे. मला वाटले, फाइल तीच आहे, फक्त भोवती चौकट घालायची आणि काय सोलायचे ते बदलायचे. मी चौकट घातली आणि प्लॉटर सुरू केला.

सोलायला बसलेल्या माझ्या सहकाऱ्याने दहा मिनिटांत हाक मारली. ‘द’च्या शेपटीचा आणि ‘ृ’च्या आकड्याचा मधला पट्टा त्याच्या चिमट्यात तुटून आला होता. ‘ष’च्या आतल्या दोन तुकड्यांपैकी खालचा तुकडा कागदावरून निसटून टेबलाखाली गेला होता. मी तुटलेला पट्टा मोजला. तो चार मिलिमीटर रुंद आणि आठ सेंटिमीटर लांब होता, आणि मूळ फायलीत तीच जागा सात मिलिमीटर होती. मधले तीन मिलिमीटर सकाळी जोड जाड करताना मीच खाल्ले होते.

त्या क्षणी मला कळले की उलट्या कामात माझी सगळी दुरुस्ती उलटी पडते. अक्षर विनाइलचे असते तेव्हा नाजूक असतो तो अक्षरातला जोड. पार्श्वभूमी विनाइलची असते तेव्हा जोडाच्या जागी नुसता मोकळा मार्ग राहतो, तो तुटण्याचा प्रश्नच नसतो, आणि नाजूक होते ती दोन अवयवांमधली फट, कारण आता ती फटच विनाइलची पट्टी आहे. त्यातही देवनागरीची शिरोरेषा एक वेगळीच अडचण उभी करते. ती सोलून निघाली की दोन अक्षरांमधली प्रत्येक जागा वरून सुटी होते आणि फक्त खालच्या बाजूने पार्श्वभूमीला चिकटलेल्या जिभेसारखी उभी राहते. अशा जिभा सोलताना कलतात, आणि चिकटवताना टोकाशी वाकड्या बसतात. शिवाय शिरोरेषेखाली ‘ष’च्या पोटात कोंडलेले तुकडे आणि ‘टी’च्या वेलांटीखालची कमान ही चारी बाजूंनी सुटी बेटे होतात, त्यांना त्यांच्या जागी धरून ठेवते ती फक्त ट्रान्सफर टेप.

उजेडाचाही विचार करावा लागला. पाठीमागे दिवा असला की उजळलेली रेषा डोळ्यांना तिच्या मापापेक्षा रुंद दिसते आणि शेजारची काळी फट तेवढीच अरुंद वाटते. म्हणजे मी जाड केलेला जोड रात्री आणखी जाड दिसला असता आणि चार मिलिमीटरची ती फट जवळपास नाहीशी झाली असती. एका दुरुस्तीने पट्टीही तुटणार होती आणि अक्षरही बुजणार होते.

मी सकाळची मूळ वळणे परत आणली आणि या वेळी `Contour` बाहेरच्या बाजूने दिला, तीन मिलिमीटरचा. शेजारच्या दोन अवयवांच्या बाह्यरेषा जिथे एकमेकींत मिसळल्या तिथे फट सहा मिलिमीटरहून कमी होती. अशा चार जागा निघाल्या. ‘ृ’चा आकडा मी खाली आणि थोडा बाहेर ओढला, त्यामुळे मधली फट दहा मिलिमीटर झाली आणि त्याचा ‘द’शी असलेला जोड चार मिलिमीटरवर ठेवता आला. उजेडात तेवढा पुरतो. शिरोरेषा लांबवून ‘दृ’ आणि ‘ष्टी’ यांच्यात आणखी अंतर ठेवले, म्हणजे जिभेचा बुंधा रुंद होतो. ‘ष’मधली तिरकी रेष किंचित बारीक केल्याने दोन्ही बेटे मोठी झाली, आणि वेलांटीचे डावे टोक शिरोरेषेपासून पंधरा मिलिमीटर वर उचलल्याने कमानीचे बेट मुख्य पार्श्वभूमीला जोडले गेले. बोरूने अक्षर काढणाऱ्याने वेलांटी टेकवली होती, तिला हात लावताना मला खरोखर वाईट वाटले, पण टेकलेली वेलांटी जेवढी सहज वाचता येते तेवढीच उचललेलीही येते.

खालच्या ओळीला मात्र काहीच उपाय चालेना. नऊ सेंटिमीटरच्या अक्षरांत सहा मिलिमीटरच्या फटी ठेवायच्या म्हणजे ‘नेत्रतपासणी’ बोर्डाबाहेर गेले असते. मी दुकानदारांना बोलावून कागदावर काढून दाखवले: मोठा शब्द निळ्यात उजळेल, आणि त्याखाली पंधरा सेंटिमीटरचा पांढरा पट्टा उजळेल, ज्यावर निळ्या विनाइलची साधी अक्षरे बसतील. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, ‘खालचे वाचता आले पाहिजे, बाकी तुम्ही ठरवा.’

संध्याकाळी चिकटवण्याआधी बोर्डाचे दिवे लावून एका कोपऱ्यात ‘ृ’च्या भागाचा छोटा तुकडा कापून लावला आणि खोलीतले दिवे बंद करून दहा-बारा मीटर मागे जाऊन पाहिले. फट स्वच्छ काळी दिसत होती. मग पूर्ण पृष्ठभाग चिकटवला. टेप सोलताना आमचे फिटर काका ती सपाट मागे दुमडत, जिभांच्या बुंध्याकडून टोकाकडे ओढत गेले, आधी टोक उचलले गेले असते तर जीभच वर आली असती. ‘ष’मधली दोन बेटे उठू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येकावर विनाइल दाबून बसवण्याची स्क्वीजी दोनदा फिरवली.

जाण्यापूर्वी मी `drushti_pos` आणि `drushti_neg` अशा दोन फायली वेगवेगळ्या जतन केल्या, आणि दुसरीत प्रत्येक बदललेल्या फटीशेजारी तिचे माप लिहून ठेवले.