आतले नको, बसलेले मोजा

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात कबड्डी सामन्याचं मराठी समालोचन करणारे गल्लोगल्ली सापडतात. इंग्रजीतून करणारा सापडत नाही, म्हणून मी. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी स्पर्धांचं इंग्रजी समालोचन करतो. ऐकणारे कोण, असं लोक विचारतात. गावची निम्मी पोरं कुवेतला. ती खोलीवर मोबाइल टेकवून सामना लावतात आणि शेजारच्या खाटांवर केरळचे, फिलिपाइन्सचे सोबती असतात. त्यांच्यासाठी ही दुसरी वाहिनी.

माझ्या शेजारी मराठी माइकवर अण्णा बसतात. वीस वर्षं डावा कोपरा राखलेला माणूस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांचं काम सोपं आहे, असं मला त्या दिवसापर्यंत वाटायचं. चढाई, पकड, बोनस, लोण, हे शब्द ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून बसलेले असतात. मला मात्र फिलिपिनो गड्याला तीस सेकंदांत सांगायचं असतं की हा माणूस एकटाच सात जणांच्या अंगणात का शिरलाय, तोंडाने काय पुटपुटतोय आणि परत का पळतोय. इंग्रजी नियमपुस्तकात दम धरण्याला 'कँट' म्हणतात. मी एकदा 'ही हॅज लॉस्ट द कँट' म्हणालो, तर पलीकडून प्रश्न आला की त्याला नेमकं काय जमत नाहीये. तेव्हापासून मी 'ब्रेथ' म्हणतो. लोणाचं बरं आहे. इंग्रजी नियमांतही तो 'लोना' म्हणूनच बसलाय. टीव्हीने त्याला 'ऑल आउट' केलं, पण दोन जादा गुण तेच.

सामना उपांत्य फेरीचा होता, लाल विरुद्ध निळे, मॅटवर. पहिल्या डावात बाराएक मिनिटं झाली असतील. निळ्यांचा चढाईपटू लालच्या उजव्या कोपऱ्याकडे वळला आणि मधल्या कव्हरने त्याला असा खांदा दिला की गडी हवेतून थेट बाजूच्या रेषेबाहेर, कॅमेऱ्याच्या तिपाईजवळ पडला. मंडप उठून उभा राहिला. मीही उठलो आणि ओरडलो, 'सुपर टॅकल! व्हॉट अ सुपर टॅकल!'

फलकावर लालचा एक गुण वाढला. एकच.

चार मिनिटांनी उलट झालं. निळ्यांचे तीनच गडी उरले होते. लालचा चढाईपटू आरामात फिरत होता. डाव्या कोपऱ्याने खाली झेप घेऊन त्याचा घोटा धरला, तो फरफटत मध्यरेषेकडे निघाला, दुसरा त्याच्या पाठीवर पडला, तिसरा त्या दोघांवर. बघायला अगदी ओबडधोबड. मी शांतपणे म्हणालो, 'टॅकल्ड, वन पॉइंट टू ब्लू.' फलकावर दोन चढले.

कुवेतहून एकाने इंग्रजीत लिहिलं त्याचा अर्थ असा: उचलून फेकला तर एक आणि घोटा धरून लोळले तर दोन? रेफ्री निळ्यांचा आहे का? त्याखाली दहा-बारा जणांनी हसणारे चेहरे टाकले. पंचाने काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्याची बदनामी माझ्या एका विशेषणाने केली होती. ऐकणारे तरी काय, दोन गुण दिसले की पंच विकला गेल्याचं अर्ध्या मिनिटात ठरवून मोकळे.

खोट त्या 'सुपर'मध्ये आहे. इंग्रजी ऐकणाऱ्याला 'सुपर' म्हणजे झकास. नियमात त्याचा झकासपणाशी काही संबंध नाही, तो निव्वळ आकडा आहे. चढाई सुरू होताना बचावाचे तीन किंवा त्याहून कमी गडी मैदानात असतील आणि त्यांनी पकड केली, तर एकाऐवजी दोन गुण. चार असताना हत्तीला लोळवलं तरी एकच. लालचा तो खांदा चौघांतला होता. आणि 'टॅकल' शब्द ऐकून रग्बी डोळ्यांसमोर येते, ती वेगळीच पंचाईत. आमच्याकडे घोटा धरला, मांडी धरली, वाट अडवून ब्लॉक केलं किंवा नुसता धक्का देऊन रेषेबाहेर काढलं, सगळं 'टॅकल'च्याच रकान्यात. मराठीत वर्तमानपत्रं 'अव्वल पकड' लिहितात, तोही शब्द तेवढाच फसवा. फरक इतकाच की मराठी ऐकणारा गडी मोजत बसलेला असतो.

मध्यंतर पाच मिनिटांचं. अण्णांनी माइक बंद केला.

"मास्तर, तुम्ही बघता काय चढाईच्या वेळी?"

"चढाईपटूकडे. दुसरं काय बघणार?"

"मग चुकणारच. आणि आतले मोजायला जाऊ नका, ते सारखे हलतात. बसलेले मोजा."

एवढ्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. बाद झालेले गडी मैदानाबाहेर आपल्या जागेवर ओळीने बसतात, आणि ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने जिवंत होऊन आत येतात. ते हलत नाहीत. चार किंवा जास्त बसलेले दिसले, तर आत तीन किंवा कमी: अव्वल पकड चालू. एकही बसलेला नाही किंवा एकच बसलाय, तर आत किमान सहा: बोनस चालू. दोन-तीन बसलेत, तर यातलं काहीच नाही. म्हणजे एकाच चढाईत बोनसही मिळेल आणि अव्वल पकडही होईल, हे कधी घडूच शकत नाही. कुणी कार्ड खाऊन बाहेर गेला असेल तर तेवढा हिशेब वेगळा. अण्णांनी हे चहाचा घोट घेता घेता सांगितलं. आमच्या आयोजकांनी समालोचकाला बसायला जी जागा दिली होती तिथून एका संघाचे बसलेले गडी दिसतच नव्हते, तिथे प्रायोजकाचा फलक होता. तो मी स्वतः उचलून बाजूला ठेवला.

दुसऱ्या डावात मी वाक्याचा क्रमच उलटा केला. आधी अट, मग घटना. चढाईपटू मध्यरेषेवर येतोय तेवढ्यात 'थ्री डिफेंडर्स लेफ्ट, टू पॉइंट्स इफ दे स्टॉप हिम', आणि मगच बाकीचं. 'सुपर टॅकल' हा शब्द पकड झाल्यावर, पावतीसारखा. कुवेतची चेष्टा थांबली. उलट एक जण माझ्याआधीच 'बोनस ऑन' लिहायला लागला.

मग शेवटची मिनिटं आली. लाल २७, निळे २४. लालचे सातही आत, निळ्यांचे तीन. लालची चढाई, मी अट सांगितली, आणि निळ्यांच्या डाव्या कोपऱ्याने पुन्हा तोच घोटा पकडला. २७–२६. जादा मिळालेल्या गुणावर गडी जिवंत होत नाही, त्यामुळे निळ्यांचा एकच आत आला. निळे चार, लाल सहा.

लाल सहा म्हणजे बोनस चालू. निळ्यांचा पोरगा खोल गेला, बोनस रेषेपलीकडे पुढचा पाय टेकवला, मागचा स्वच्छ हवेत होता, आणि परत फिरताना साखळीत सापडला. मी म्हणालो, 'अनसक्सेसफुल रेड.' फलक झाला २८–२७. दोन्हीकडे एकेक. चढाईपटू बाद, तरी त्याच्या संघाला गुण. बोनस त्याने पकड होण्याआधीच कमावलेला असतो, तो काढून घेत नाहीत. 'बोनस' ऐकून इंग्रजी माणसाला दिवाळीचा बोनस आठवतो, पगार झाल्यावर वर मिळणारा. इथे पगारच नाही, नुसता बोनस. त्याने कुणी बाद होत नाही, आपला कुणी जिवंत होत नाही, फलकावर एक आकडा हलतो, बस. अण्णा शेजारी म्हणत होते, "पकडला, पण बोनस घेऊनच गेला!" पाच शब्दांत सगळं. माझी 'अनसक्सेसफुल' तिथे खोटी पडली होती. मी घाईने जोडलं, 'कॉट, बट द बोनस स्टँड्स.' हे वाक्य आता माझ्या वहीत आहे.

निळे पुन्हा तीन, लाल सात. पाऊण मिनिट उरलं. लालचा चढाईपटू आला, 'निदान' नावाची रेषा ओलांडली, कारण ती एकदा तरी ओलांडली नाही आणि कुणाला शिवलंही नाही तर तो बाद, आणि जवळजवळ सगळे तीस सेकंद खाऊन रिकामा परतला. कुणीतरी 'कॉवर्ड' लिहिलं. रेड म्हणजे लूट अशी त्याची समजूत असणार. हातात काहीच न आणणारी चढाई संघाला जिंकवते, हे एका वाक्यात कसं सांगावं ते मला अजून जमलेलं नाही.

शेवटची चढाई निळ्यांची. लालचे सात आत, एकही बसलेला नाही. बोनस घेतला की बरोबरी. पोरगा डावीकडून गेला, उजवीकडे झुकला, पुढचा पाय रेषेपलीकडे पडला आणि मी ओरडलो, 'बोनस! वी आर लेव्हल!' चढाईपटूनेही परतताना अंगठा वर केला होता. पंचाने मान हलवली. मागचा पाय जमिनीवर होता. फलक हलला नाही. २८–२७, सामना संपला.

मी बोनस रेषा बघत होतो. बघायचा असतो मागचा पाय. अण्णांनी त्या क्षणी काहीच उच्चारलं नव्हतं, पंचाच्या हाताकडे बघत गप्प राहिले होते. मला वाटायचं इंग्रजीत एक जादा शब्द लागतो म्हणून मी मागे पडतो. त्या दिवशी मी अर्धा सेकंद पुढे होतो.

'ट्रेलिंग फुट' मी त्यानंतर तीनदा समजावून सांगितलं, पण तोवर बरेच जण निघून गेले होते. जे राहिले त्यांतल्या निळ्यांच्या बाजूच्या एका मुलाने विचारलं, तुम्ही स्वतः बोनस म्हणालात ना, मग पंच खरा की तुम्ही? मी 'पंच' असं लिहिलं. घरी येऊन चित्रफीत काढली, हळू करून पाहिली. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकतो त्याच क्षणी लालच्या कव्हरचा गुडघा आडवा येतो, आणि मागच्या पायाची टाच तेवढी दिसते, उचललेली. बोटं दिसत नाहीत.