दुसरा मॉनिटर धूसर का दिसत होता

विक्रोळीच्या घरात खिडकीखाली माझं टेबल आहे, जेमतेम साडेतीन फुटांचं. मी मराठी पुस्तकांचं डीटीपी करते. एका स्क्रीनवर लेखकाची हस्तलिखित पानं आणि शेजारी जुळवलेलं पान, असं काम असतं. सत्तावीस इंची, २५६० × १४४० चा एक मॉनिटर होता, यंदा तसाच दुसरा घेतला. लॅपटॉपला व्हिडिओसाठी टाइप-सी हा एकच पोर्ट. पण जुन्या मॉनिटरच्या पाठीमागे ‘डीपी आउट’ नावाचं तोंड होतं. लॅपटॉपमधून टाइप-सी केबल पहिल्या मॉनिटरला, तिथून डिस्प्लेपोर्ट केबल दुसऱ्याला. यालाच डेझी चेन म्हणतात. लॅपटॉप चार्जही त्याच केबलवर होतो.

जोडलं आणि दोन्हीकडे एकच चित्र आलं. हे लवकर सुटलं. पहिल्या मॉनिटरच्या मेनूमध्ये `MST` हा पर्याय बंद होता. एमएसटी म्हणजे एकाच केबलमधून अनेक स्क्रीनचे वेगवेगळे प्रवाह पाठवण्याची सोय. डिस्प्लेपोर्ट १.२ पासून, म्हणजे २०१० पासून ती आहे. साखळीत पुढे चित्र पाठवणाऱ्या प्रत्येक मॉनिटरवर एमएसटी चालू असावा लागतो. शेवटच्याला त्याची गरज नसते, आणि त्याच्या मेनूत तो पर्याय असेल तर बंदच ठेवायचा. माझ्या भावाने त्याचा मॅक लावून पाहिला, तर एमएसटी चालू असूनही दोन्हीकडे तेच चित्र. मॅकओएस या साखळीत वेगळे डेस्कटॉप देतच नाही, त्यामुळे मॅकवाल्यांनी या वाटेला जाऊ नये. माझ्या विंडोजवर मात्र दोन वेगळे डेस्कटॉप लगेच आले.

खरी अडचण त्यानंतरची. दुसऱ्या मॉनिटरवरचं पान धूसर होतं. ‘सिंहासन’ या शब्दातला अनुस्वार वेलांटीला चिकटून एक ठिपका झाला होता, ‘द्ध’ मधला ध ओळखू येत नव्हता. माझ्या कामात हे चालतच नाही, कारण अनुस्वार राहिला की नाही हेच तर मला पाहायचं असतं. `Advanced display` मध्ये पाहिलं तर तिथे १२८० × ७२० लिहिलेलं. यादीत १४४० तर सोडाच, ६० हर्ट्झचं १९२० × १०८० सुद्धा नव्हतं.

मला वाटलं, केबल खराब. शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. दुकानातल्या दादांनी माझीच केबल त्यांच्या डेस्कटॉपला लावली आणि १४४० चं चित्र लखलखीत आलं. ते म्हणाले, “ताई, केबल ठीक आहे. नवीन देऊ शकतो, पण पैसे वाया जातील. घरी जाऊन पहिल्या मॉनिटरचं रिझोल्यूशन खाली आणा आणि दुसऱ्याच्या यादीत काय फरक पडतो ते बघा.”

घरी येऊन तसंच केलं. पहिला १०८० वर आणला आणि दुसऱ्याच्या यादीत ६० हर्ट्झचं १०८० उगवलं. पहिला पुन्हा १४४० वर नेला की ते गायब. म्हणजे वस्तू सगळ्या चांगल्या होत्या. एकाच नळावर दोन घरं होती आणि पाणी पुरत नव्हतं.

मग वही घेऊन हिशेब मांडला. १४४० च्या चित्रात दिसणाऱ्या पिक्सेलांशिवाय प्रत्येक ओळीच्या आणि फ्रेमच्या शेवटी थोडी मोकळी जागा पाठवावी लागते. ती धरून सेकंदाला सुमारे २४.१५ कोटी पिक्सेल होतात. प्रत्येकाला २४ बिट, म्हणजे ५.८ गिगाबिट. दोन मॉनिटरना ११.६.

आता नळ किती मोठा? माझ्या लॅपटॉपचा डिस्प्लेपोर्ट १.२ चा आहे. त्यात चार लेन, म्हणजे चित्र वाहून नेणाऱ्या तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक लेन सेकंदाला ५.४ गिगाबिटची. पण दर ८ बिट तारेवरून १० बिट होऊन जातात, त्यामुळे खरी क्षमता लेनमागे ४.३२ आणि चौघींची १७.२८. एमएसटीमध्ये वेळेचे ६४ कप्पे पाडतात आणि त्यातला एक व्यवस्थेसाठी जातो, म्हणून हाती साधारण १७ उरतात. ११.६ त्यात सहज बसायला हवे होते. इथेच मी दोन दिवस अडले.

उत्तर टाइप-सीमध्ये होतं. त्या केबलमधल्या वेगवान तारांच्या जोड्याही चारच असतात. पहिल्या मॉनिटरच्या पाठीला यूएसबी हब आहे आणि मी त्यात बॅकअपची हार्डडिस्क लावते. ती वेगाने चालावी म्हणून मॉनिटरने दोन जोड्या यूएसबी ३ साठी राखल्या होत्या. चित्रासाठी उरल्या दोन लेन, म्हणजे जेमतेम ८.५ गिगाबिट. त्यातून पहिला मॉनिटर ५.८ घेणार आणि मागे २.७ राहणार. ६० हर्ट्झच्या १०८० ला किमान ३.३ लागतात, म्हणून ते यादीतच नव्हतं. विंडोज चुकत नव्हतं, उरलेल्या जागेत मावेल तेवढंच दाखवत होतं. पहिला १०८० वर आणल्यावर साधारण ५ मोकळे होत होते. त्यात दुसऱ्याचं १०८० मावे, १४४० नाही.

मॉनिटरच्या मेनूत `USB-C Prioritization` नावाचा पर्याय सापडला. त्यात `High Data Speed` निवडलेलं होतं. आधी हार्डडिस्क विंडोजमधून इजेक्ट केली, कारण हा पर्याय बदलताना हबची जोडणी तुटते आणि फाइल लिहिली जात असेल तर खराब होऊ शकते. मग `High Resolution` निवडलं. दोन्ही स्क्रीन काही सेकंद काळ्या झाल्या, आणि दुसरी परत आली तेव्हा ‘सिंहासन’ वरचा अनुस्वार वेलांटीपासून सुटा, गोल दिसत होता. `Advanced display` मध्ये दोन्हीकडे २५६० × १४४०, ६० हर्ट्झ. त्या संध्याकाळी मी सबंध प्रकरण एका बैठकीत वाचून काढलं.

याची किंमत हबने मोजली. आता त्याला यूएसबी २ चाच वेग मिळतो, ४८० मेगाबिट. कीबोर्ड आणि माउसला तो भरपूर आहे, पण चित्रांच्या पुस्तकाचा बॅकअप तिथून घ्यायचा म्हणजे जेवण होईपर्यंत थांबणं. म्हणून हार्डडिस्क आता थेट लॅपटॉपच्या बाजूच्या यूएसबी पोर्टला लावते.

आमच्या प्रेसमधल्या एका मैत्रिणीला याच साखळीत तसाच तिसरा मॉनिटर जोडायचा होता. तिचा लॅपटॉप माझ्यासारखाच आहे. तिला वही दाखवली. ५.८ च्या तिप्पट १७.४, आणि हातात १७. थोडक्यात हुकतं, पण हुकतंच. तिसरा १०८० चा घेतला तर ११.६ आणि ३.३ मिळून १४.९ होतात, ते बसतात. डिस्प्लेपोर्ट १.४ चा लॅपटॉप आणि पहिला मॉनिटरही १.४ चा असता तर चार लेनवर २५ च्या वर मिळाले असते आणि तिन्ही १४४० चालले असते. पहिला मॉनिटर १.२ चा असेल तर लॅपटॉप कितीही नवा असो, दोघांमधला दुवा १.२ च्याच वेगाने चालतो. तिने १०८० चा घ्यायचं ठरवलं आणि तो हस्तलिखितासाठी उभा लावणार आहे.