जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरला कर्ज मिळवताना गेलेले पाच महिने: माझा अनुभव

आमची कंपनी पुण्याजवळ इलेक्ट्रिक स्कूटर बनवते. कंपनी लहान आहे, आणि विक्रीची बाजू मी सांभाळते. पहिली दोन वर्षं आम्ही एकच गोष्ट सांगत राहिलो: पेट्रोलच्या स्कूटरला किलोमीटरला दोन रुपयांच्या वर खर्च येतो, आमच्या गाडीला विजेचे तीस-पस्तीस पैसे. लोक ऐकायचे, मान डोलवायचे, चक्कर मारून यायचे आणि शेवटी पेट्रोलची स्कूटर बुक करायचे. साताऱ्याच्या शोरूममध्ये एका दूधवाल्या काकांनी मला सरळ विचारलं, "ताई, गाडी झकास हाय. पण तीन वर्सांनी इकाय काढली तर काय येतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वॉरंटीचं काहीतरी बोलले. त्यांनी हसून चावी परत दिली.

त्याच आठवड्यात मी तिथल्या एका ऑटो कन्सल्टंटकडे, म्हणजे जुन्या गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्याकडे, दोन तास बसले. ज्याला हा धंदा समजून घ्यायचा आहे त्याने जाहिरात एजन्सीच्या आधी इथे जावं. एक जुनी पेट्रोल स्कूटर आली. त्याने किक मारली, इंजिनाचा आवाज ऐकला, सायलेन्सरमधून निळा धूर येतोय का ते पाहिलं, हँडल हलवून कोनसेट तपासला आणि चार मिनिटांत भाव सांगितला. मग मी आमच्याच गाडीचं विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या गाडीचा आवाजच नाही, ऐकू काय? बॅटरी बसली तर साठ हजार. पेट्रोलचं इंजिन खोलायला आठ-दहा हजार. म्हणून मी आधी साठ हजार वजा करतो, मग भाव सांगतो."

तिथे मला कोडं उलगडलं. पेट्रोल गाडीला जुन्या बाजारात किंमत येते ती नाक्यावरच्या कुठल्याही फिटरला तिचा रोग ओळखता येतो म्हणून, आणि रोगाचा खर्च आधी ठाऊक असतो म्हणून. आमच्या गाडीत तो खर्च एका बंद डब्यात होता. तेव्हा आपल्याला 'पेट्रोल वाचवा' सांगायचं नाही, 'ही गाडी उद्या विकता येते' हे सिद्ध करायचं आहे, असं आम्ही ठरवलं. पुढचं सगळं त्यातून आलं.

सर्व्हिसचा भाग त्या मानाने सोपा गेला. तक्रारींची वही काढली तर बहुतेक नोंदी ब्रेक शू, टायर, बेअरिंग, हॉर्न अशाच निघाल्या, ज्या कुठलाही फिटर करतो. सातारा, कराड आणि कोरेगावच्या काही फिटरना आम्ही प्रशिक्षण दिलं आणि कंट्रोलर, थ्रॉटल, चार्जर असे मोजके भाग डीलरकडे साठवून ठेवले. तीन दिवसांत गाडी दुरुस्त झाली नाही तर बदली गाडी, एवढंच वचन दिलं आणि ते पाळलं.

मग बॅटरीचा डबा. आमच्या बॅटरीत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे, सेल आहेत. त्यांचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो. त्यामुळे किती चार्ज शिल्लक आहे हे बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, व्होल्टेजवरून कळत नाही. आत-बाहेर गेलेला करंट मोजून तो अंदाज बांधतो. मालकाने गाडी कधी पूर्ण शंभर टक्के चार्जच केली नाही तर ती चूक साचत जाते आणि स्क्रीनवरचा 'बॅटरी हेल्थ'चा आकडा फसवा होतो. म्हणून आम्ही स्क्रीनवर विसंबलो नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करायची, तासभर थंड होऊ द्यायची, मग ठरावीक करंटवर बीएमएस स्वतः बंद करेपर्यंत रिकामी करायची आणि किती युनिट बाहेर आले ते मीटरवर मोजायचं. चारेक तास लागतात, पण जो आकडा येतो तो खरा असतो.

त्या आकड्यावर आम्ही परत-खरेदीची योजना उभी केली: तीन वर्षांच्या आत, ३०,००० किलोमीटरच्या खाली, बॅटरी ८५ टक्क्यांच्या वर असेल तर ग्राहकाने मोजलेल्या किमतीच्या निम्मी किंमत आम्ही देणार. 'मोजलेल्या किमतीच्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नव्या गाडीची किंमत कंपनीने दहा हजारांनी पाडली की जुन्या ग्राहकाची गाडी त्याच दिवशी तेवढीच पडते. या शब्दांमुळे तो तोटा आमच्या अंगावर येतो आणि आम्ही उगाच किंमत पाडत नाही. जुनी गाडी ताब्यात घेऊन विकायला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून नोंदणीकृत वाहनांचा विक्रेता म्हणून परवाना लागतो. आमच्या डीलरने फॉर्म २९ए भरला आणि तो परवाना काढला.

आणि इथून पाच महिने वाया गेले.

पहिली परत आलेली गाडी साताऱ्याच्या एका शिक्षिकाबाईंची. २०२२ मध्ये १,१०,००० रुपयांना घेतलेली, सव्वादोन वर्षांत २१,००० किलोमीटर चाललेली. कन्सल्टंटने ३०,००० सांगितले होते. आम्ही चाचणी केली. नवी असताना २.९७ युनिट देणारी बॅटरी २.७० देत होती, म्हणजे ९१ टक्के. स्क्रीन ९७ दाखवत होती. आम्ही बॅटरीच्या दाखल्यावर चाचणीचे ९१ छापलं. बाईंना ५५,००० दिले आणि ६३,००० ला कोरेगावच्या एका तरुणाला गाडी ठरली. त्याच्याकडे १८,००० रोख होते, बाकी ४५,००० कर्जाने. फायनान्स कंपनीने कर्ज नाकारलं.

कारण लेखी मिळेना. शाखेत गेले तर "हेड ऑफिसचं पोर्टल नाही म्हणतंय", हेड ऑफिसला फोन केला तर "शाखेला विचारा". तिसऱ्या खेपेला व्हॅल्युअरने, म्हणजे गाडी तपासून गुण देणाऱ्या माणसाने, मला त्याचा फॉर्म दाखवला, आणि मी तो फॉर्म बघून अक्षरशः सुन्न झाले. शंभर गुणांची तपासणी. त्यात 'इंजिनाची स्थिती' या एकाच रकान्याला ४० गुण: कॉम्प्रेशन, धूर, ऑइल गळती, आवाज. व्हॅल्युअरने प्रामाणिकपणे 'लागू नाही' लिहिलं होतं आणि सॉफ्टवेअरने ते शून्य धरलं. उरलेल्या ६० पैकी गाडीला ४७ मिळाले होते. कर्जाला किमान ६० लागत होते. म्हणजे टायर, रंग, कागद, चेसी सगळ्यात पैकीच्या पैकी घेतले असते तरी आमची गाडी जेमतेम काठावर आली असती.

मी अर्ज दिला की इंजिनाच्या जागी आमचा बॅटरी दाखला धरा. एक महिन्याने उत्तर आलं: दाखला कंपनीचाच आहे, तटस्थ संस्थेचा हवा. बरोबर होतं ते, मी ते मान्य केलं. पुण्यातल्या एका स्वतंत्र प्रयोगशाळेत सहा बॅटऱ्या नेल्या. त्यांचे आकडे आमच्या आकड्यांशी दोन टक्क्यांच्या आत जुळले. तो अहवाल जोडला. मग उत्तर आलं की जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या विक्रीचा तीन वर्षांचा इतिहास द्या. आता, कर्ज मिळालं तर विक्री होणार आणि विक्री झाली तर इतिहास होणार! हे मी चार वेळा, चार वेगवेगळ्या साहेबांना समजावलं. प्रत्येक वेळी फाइल नव्याने उघडली. मधल्या काळात कोरेगावचा तरुण दर आठवड्याला फोन करायचा, आणि गाडी डीलरच्या मागच्या शेडमध्ये उभी. तिची बॅटरी पडून पडून उतरू नये म्हणून आमचा पोरगा दर पंधरा दिवसांनी ती चार्ज करायचा.

शेवटी दोन गोष्टींनी काम केलं. शिक्षिकाबाईंची विमा पॉलिसी मी समोर ठेवली. विम्यात दोन ते तीन वर्षांच्या गाडीचं मूल्य ठरवताना ३० टक्के घसारा धरतात, पेट्रोलला तेवढाच, विजेच्या गाडीला तेवढाच. "विमा या गाडीला सत्तर टक्के मानतो, तुमचा फॉर्म शून्य का मानतो?" यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, पहिल्या पंचवीस कर्जांत हप्ते बुडाले तर गाडी ठरलेल्या भावाने आम्ही परत घेऊ, असं लेखी दिलं. त्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीमागे २,५०० रुपये वेगळे ठेवायला लागलो. माझ्या भागीदाराला हे अजिबात पटलं नव्हतं. मी अडून बसले, आणि ते योग्यच केलं असं आजही वाटतं.

पाचव्या महिन्यात फॉर्ममध्ये 'बॅटरी' हा रकाना आला. ९० टक्क्यांच्या वरच्या बॅटरीला ३६ गुण. आमची तीच गाडी ४७ अधिक ३६, म्हणजे ८३ वर गेली. तिसऱ्या दिवशी कर्ज मंजूर. तो तरुण आईला घेऊन गाडी न्यायला आला. त्याच्या आईने हँडलला हार घातला तेव्हा मला बोलता येईना.

पंचवीस कर्जांची मर्यादा संपायच्या आत आमच्या नव्या गाडीची जाहिरात बदलली होती. पैशांची तुलना काढून टाकली. मोठ्या अक्षरात फक्त परत-खरेदीचा भाव आणि खाली बॅटरी दाखल्याचा फोटो. शोरूममध्ये त्या ऑटो कन्सल्टंटचा फोन नंबर लावला आहे, कारण आता तोही चाचणीचा कागद बघून भाव देतो. परवा त्याने २०,००० किलोमीटरच्या गाडीला ५२,००० सांगितले, आमच्या भावापेक्षा थोडे कमी, पण पूर्वीच्या तीस हजारांशी तुलना करा.

योजनेच्या मर्यादाही सांगते. शहराबाहेर डिलिव्हरीला वापरलेल्या गाड्या ३०,००० किलोमीटर वर्ष-सव्वा वर्षात ओलांडतात. त्या यात बसत नाहीत आणि बसवू नयेत. बॅटरी ८५ च्या खाली असेल तर आम्ही भाव न देता सरळ बॅटरीचं वॉरंटी-काम करतो.

कागदांचं आधीच सांगायला हवं होतं. पहिल्या मालकाचं कर्ज असेल तर आरसीवरचा बोजा आधी उतरवून घ्या, फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. त्याशिवाय नाव बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म पुढे सरकत नाहीत. नवीन मालकाने चौदा दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. आणि ज्यावर आमच्या पहिल्या तीन ग्राहकांची भांडणं झाली ते: गाडी जुन्या मालकाच्या मोबाइल ॲपला बांधलेली असते. विक्रीच्या वेळी त्याच्या फोनवर येणारा ओटीपी समोर बसवून घ्या आणि बॅटरीचा नंबर नव्या मालकाच्या नावावर चढलेला स्क्रीनवर स्वतः वाचा, तेव्हाच पैसे हातात द्या. वॉरंटी त्या नंबरवर असते, माणसावर नाही.