तगाई की तगादा: गेलेल्या पत्राची नोंद करताना

पत्र आमच्या पणजोबांच्या घरचं. माण तालुक्यातून पुण्याला पाठवलेलं, मोडीतलं, चौदा ओळींचं. मूळ कागद चुलतभावाच्या घरी होता. वाडा पाडला तेव्हा पेटी कुणी उचलली, आतले कागद कुठे गेले, हे आता कुणीच सांगत नाही. मी मात्र निश्चिंत होतो, कारण दुकानात जाऊन मी त्याचं स्कॅन करून घेतलं होतं. पेन ड्राइव्ह पुतण्याने गाणी भरायला फॉरमॅट केला आणि ऑनलाइन ठेवलेल्या फायलीची लिंक उघडली तर फाइल अस्तित्वात नाही असं उत्तर आलं. एका जुन्या मेलमध्ये एवढंच उरलं होतं: `patra_pudhe.jpg`, `patra_mage.jpg`, आणि खाली ती मेलेली लिंक.

यातूनही एक गोष्ट कळते. पत्राला मागची बाजू होती आणि तिच्यावर स्कॅन करण्याएवढं काहीतरी होतं. हे मी विसरूनच गेलो होतो.

एका संस्थेकडून तालुक्यातल्या घरगुती दुष्काळी कागदांची यादी होत आहे, असं कळलं. मूळ कागद नसला तरी वर्णन चालेल, फक्त 'मूळ उपलब्ध नाही' असं लिहायचं. मला वाटलं, तासाभराचं काम. दीड महिना गेला.

माझ्याजवळ तीन गोष्टी होत्या. पहिली, मूळ पत्र समोर ठेवून वहीत पेन्सिलीने उतरवलेला मजकूर. दुसरी, मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना व्हॉट्सअॅपवर विचारलेला प्रश्न. त्याच्यासोबतचा फोटो आता नुसता धूसर चौकोन राहिलाय आणि त्यांनीही मधल्या काळात फोन बदलला. तिसरी, नंतर संगणकावर केलेली सुबक प्रत. ती वाचायला सर्वांत सोपी आणि तिच्यावरच सर्वांत कमी विसंबायचं, कारण टाइप करताना मी प्रश्नचिन्हं काढून टाकली होती. का, ते विचारू नका. छापील दिसावं म्हणून, बहुतेक.

म्हणून पहिलं काम हे की सुबक प्रत बाजूला ठेवून वहीपासून सुरुवात करायची. वहीत जो शब्द बिनशंकेचा आहे तो स्पष्ट. वहीत शंका आहे आणि टाइप प्रतीत नाही, तो संशयित. टाइप प्रतीत आहे आणि वहीत मुळीच नाही, तो गाळायचा, मग अर्थ कितीही छान लागत असो. असा एक शब्द निघाला, 'दुष्काळामुळे'. तो मीच घातला होता, वाक्य पुरं व्हावं म्हणून.

तारखेचं सांगतो, कारण तिथे काम चांगलं झालं. वहीत होतं: 'शके १७९. धातानाम संवत्सरे मार्गशीर्ष वद्य'. शेवटचा आकडा कडेला झिजून गेला होता, तिथीही गेली होती. पण संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं असतं. शके १७९० ते १७९९ या दहा वर्षांत विभव, शुक्ल, प्रमोद असं करत भाव, युवा, धाता, ईश्वर येतात. त्यांत धाता एकदाच, आणि ते शके १७९८. म्हणजे पत्र डिसेंबर १८७६चं, ऐन दुष्काळातलं. मनातून उडी मारली. तरी नोंदीत दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या: आकडा दिसतो तो '१७९', पुढचा नाही, आणि संवत्सरावरून निघतं ते १७९८. उद्या कुणाला माझं गणित तपासायचं असेल तर मी काय पाहिलं आणि काय काढलं हे त्याला वेगळं करता आलं पाहिजे.

आता अडलं कुठे ते. नववी ओळ.

वहीत असं आहे: 'सरकारातून तगा– आल–'. कागदाची आडवी घडी नेमकी या ओळीवरून गेली होती. 'सरकारातून' स्वच्छ. 'तगा' स्वच्छ. पुढचं एक अक्षर घडीत. मग 'आल' आणि त्यापुढचा स्वर पुन्हा डागात. तगाई आली की तगादा आला? तगाई म्हणजे सरकारने शेतकऱ्याला बी-बियाण्याला, बैलाला दिलेलं कर्ज. तगादा म्हणजे शेतसाऱ्यासाठी लावलेला ससेमिरा. म्हणजे पणजोबांच्या दारात सरकार पैसे घेऊन आलं की पैसे मागायला आलं, एवढा फरक एका अक्षरात.

संदर्भाने सुटेल असं वाटतं. नाही सुटत. त्या सालात दोन्ही गोष्टी शक्य होत्या. साऱ्यात सूट मिळावी म्हणून पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था तेव्हा खटपट करतच होती. पुढच्या ओळीत 'जोंधळे' आहे, 'बैल' आहे, तेही दोन्हीकडे बसतात: तगाईतून बैल घेतला, तगाद्यापायी बैल विकला. क्रियापदाच्या लिंगावरून ठरलं असतं, पण नेमका तोच स्वर डागात. आणि मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली सगळं सलग चालतं, त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला हेही आपणच ठरवतो. वहीत घडीच्या उजवीकडे मी एक उभी रेघ काढून ठेवली आहे. ती 'दा'चा काना असेल तर तगादा. ती पुढच्या 'आ'ची सुरुवात असेल तर काहीच सिद्ध होत नाही.

इथे माझी चूक कबूल करतो. वहीत आडवी रेघ मी दोन अर्थांनी वापरली होती. कुठे 'अक्षर वाचता येत नाही' म्हणून, कुठे 'ओळ इथे तुटली' म्हणून. खुणांचा अर्थ पहिल्या पानावर लिहिलेला नव्हता. 'आल–' मधली रेघ कोणती, हे ठरवायला मला बाकीच्या तेरा ओळींतल्या सगळ्या रेघा तपासाव्या लागल्या. ओळ तुटल्याची रेघ मी नेहमी समासाला टेकवून काढत होतो, ही मधोमध होती. म्हणून न वाचलेला स्वर. तीन संध्याकाळी गेल्या यात.

धूसर चौकोनाचा उपयोग एवढाच झाला की घडीची पांढरी पट्टी आडवी दिसते आणि ती ओळीवरूनच गेली आहे. अक्षराचा पत्ता नाही. गृहस्थांचं उत्तर मात्र शिल्लक होतं: 'तगाई वाटते, पण खात्री देणार नाही.' माझ्या टाइप प्रतीत 'तगाई आली' कसं आलं ते तेव्हा उमगलं. त्यांचं 'वाटते' मी पुसलं होतं.

मग फॉर्म. ऑनलाइन होता. 'वाचन: स्पष्ट / अस्पष्ट' यातलं एकच निवडायचं. चौदापैकी अकरा ओळी स्वच्छ, दोन अर्ध्या, एक वादाची, निवडू काय? 'अस्पष्ट' निवडलं. मजकुराच्या रकान्यात 'तगा[ई?]' असं लिहून जतन केलं आणि पुन्हा उघडून पाहिलं तर तिथे 'तगाई'. चौकटी कंसही गेले, प्रश्नचिन्हही गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. फॉर्मला अक्षरांखेरीज काही चालत नव्हतं. जे मी पुसलं होतं तेच आता यंत्र माझ्यासाठी पुसत होतं, आणि या वेळी ते यादीत जाणार होतं.

कार्यालयात गेलो. खिडकीतली मुलगी सभ्य होती. म्हणाली, "काका, तुम्हाला जास्त योग्य वाटतं ते एक लिहा ना. वाचणाऱ्याला गोंधळ नको."

"गोंधळ मूळ कागदातच आहे, तो मी कसा काढू?"

"मग अस्पष्ट शब्द गाळा."

गाळला असता तर 'सरकारातून आल' एवढंच उरलं असतं. दुसऱ्या फेरीत साहेब रजेवर. तिसऱ्या फेरीला साहेब भेटले, त्यांनी सॉफ्टवेअर बदलता येत नाही हे तीन प्रकारे सांगितलं. मी चिडून बाहेर पडलो आणि पायऱ्यांवर उभा असताना सुचलं, की खुणा पुसल्या जातात पण शब्द पुसले जात नाहीत. घरी येऊन नवव्या ओळीत अक्षरांनीच लिहिलं: 'सरकारातून तगा यापुढील एक अक्षर घडीत गेलेले तगाई किंवा तगादा आल शेवटचा स्वर डागात'. वाचायला ओबडधोबड आहे. पण जतन झालं, उघडून पाहिलं तर जसंच्या तसं. साध्या शब्दांत लिहिलेली शंका कंस-प्रश्नचिन्हांपेक्षा टिकाऊ निघाली. नक्कल करणारा माणूससुद्धा प्रश्नचिन्ह विसरतो, 'किंवा' विसरत नाही.

एक राहिलंच. कागदाच्या वर्णनात मी 'शाई काळी, कागद करडा' असं लिहून बसलो होतो. बायकोने विचारलं, हे कशावरून? तेव्हा लक्षात आलं की दुकानदाराने स्कॅन कृष्णधवल केलं होतं, आणि मला आठवत होता तो कागद नव्हे, स्कॅनच. रंग काढून टाकले. लांबी-रुंदी ठेवली, कारण ती मूळ हातात असताना वहीत मोजून लिहिली होती: रुंदी एक वीत, लांबी सव्वा वीत. माझी वीत सव्वाआठ इंच भरते, तेही लिहिलं. मागच्या बाजूबद्दल लिहिलं की फाइल होती, मजकूर उतरवलेला नाही. पत्ता असावा असं मला वाटतं, पण ते लिहिलं नाही.

आणि वहीत ऱ्हस्व-दीर्घ मी आजच्या शाळेप्रमाणे केलं आहे, हेही एका ओळीत सांगितलं. मोडीत तो भेद पाळलेला नसतो, तेव्हा ते माझं, पत्राचं नाही.

पोच आली ती आठवड्याने. चुलतभावाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "तगाईच असणार रे, आजोबा बैलाची गोष्ट सांगायचे." कोणती गोष्ट, विचारलं. ती त्याला आठवेना. वहीतल्या त्या पानाचा आता रंगीत फोटो काढलाय, दोन ठिकाणी ठेवलाय, आणि पहिल्या पानावर आडव्या रेघेचे दोन अर्थ लिहून टाकलेत.