पाँपेईतील दोन घरे: जुनी जमीन आणि नव्या भिंती

गेल्या ऑक्टोबरमध्ये पाँपेई, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेलेले इटलीतील रोमन शहर, पाहायला एक पूर्ण दिवस मिळाला तेव्हा सगळे शहर पालथे घालण्याऐवजी दोनच घरे नीट पाहायची, असे आम्ही ठरवले. नेपल्सहून लोकल गाडीने ‘पाँपेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ या स्थानकावर उतरले, की पोर्ता मरीना हे प्रवेशद्वार अगदी समोरच लागते. तेथून फोरम, म्हणजे शहराचा मुख्य चौक, ओलांडून पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर आम्ही पहिल्या घरी, म्हणजे ‘फाउनच्या घरी’, पोहोचलो.

या घराच्या दारासमोरच्या पदपथावर HAVE, म्हणजे ‘या, नमस्कार’, ही अक्षरे जमिनीत रंगीत तुकड्यांनी बसवलेली आहेत. आत एका दालनाच्या जमिनीवर अलेक्झांडर आणि इराणचा राजा दरायस यांच्या लढाईचे प्रसिद्ध मोझेक, म्हणजे रंगीत तुकड्यांचे चित्र, होते. आता तेथे प्रतिकृती आहे, कारण मूळ मोझेक 1831 साली सापडल्यानंतर नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात नेण्यात आले. मला मात्र येथील भिंतींनी अधिक वेळ थांबवले. त्यांवर चित्रे नाहीत. गिलावा उठावदार करून आणि रंगवून संगमरवरी चिऱ्यांचा आभास निर्माण केलेला आहे. ही पद्धत इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली, आणि शहर गाडले गेले ते इसवी सन 79 मध्ये. म्हणजे मधल्या काळात शेजारीपाजारी दर पिढीला नवी रंगरंगोटी करत असताना या घराने आपल्या भिंती जवळजवळ दोनशे वर्षे जपल्या. ज्यांची प्रतिष्ठा जुनी असते त्यांना जुनेपणच मिरवावेसे वाटते, असा मी त्याचा अर्थ लावतो.

येथून काही मिनिटांवर वेत्ती यांचे घर आहे. दीर्घ दुरुस्तीनंतर ते 2023 च्या जानेवारीत पुन्हा खुले झाले. वेत्तियस कॉन्विव्हा आणि वेत्तियस रेस्तितुतुस या दोन नावांच्या मोहरा येथे सापडल्या, त्यावरून हे घर त्यांचे मानले जाते. दोघेही पूर्वी गुलाम असून पुढे मुक्त झाले असावेत, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. दारातच प्रियापस हा सुफलतेचा देव आपले लिंग तराजूत घालून पैशाच्या थैलीशी तोलताना रंगवला आहे, आणि आतल्या चौकात आल्यागेल्याला दिसतील अशा लोखंडी पट्ट्यांच्या दोन तिजोऱ्या ठेवलेल्या होत्या. जमिनी त्या मानाने साध्या आहेत. खर्च झाला आहे तो भिंतींवर.

बागेलगतच्या मोठ्या लाल दालनात काळ्या पार्श्वभूमीची एक अरुंद पट्टी भिंतीभर फिरते, तिच्यासमोर किमान अर्धा तास काढावा. पंख असलेली छोटी मुले त्यात निरनिराळे उद्योग करतात. अत्तराच्या प्रसंगात दोघे जण हातोड्यांनी पाचरी ठोकून तेल गाळतात, एक जण कढईत ढवळतो, आणि पुढे बसलेली गिऱ्हाईक बाई हातावर लावलेले अत्तर हुंगून पाहते. पलीकडे सोनार नाजूक तराजू धरून बसला आहे. यावरून घरमालक अत्तराचा व्यापारी होता असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. अशी उद्योगी मुले त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या शेजारच्या हर्क्युलेनियम शहरातल्या भिंतींवरही आहेत, तेव्हा हा त्या काळचा आवडता विषय होता. फार तर इतकेच म्हणता येते, की जेवायला आलेल्या पाहुण्यांसमोर धंद्याची चित्रे असण्यात या मालकांना कमीपणा वाटत नव्हता.

चित्रांची चौकट नीट न्याहाळावी. आपल्या अजिंठ्यात रंग सुकलेल्या लेपावर दिले आहेत. येथे ते ओल्या गिलाव्यावर, वरून खाली, रोज थोडा भाग लिंपून भरले आहेत. मधल्या पौराणिक चित्राभोवती पुष्कळदा गिलाव्याचा बारीक सांधा दिसतो, कारण तो तुकडा वेगळ्या, अधिक कसलेल्या चित्रकाराकडे दिलेला असे. शहरातल्या दुसऱ्या एका घरात हे काम उद्रेकामुळे अर्धवट राहिले, आणि तेथे वरचा भाग पूर्ण, पण मधली जागा कोरी आहे. रंगावरून मात्र लगेच निष्कर्ष काढू नयेत, कारण ज्वालामुखीच्या उष्णतेने काही ठिकाणचा पिवळा गेरू लाल झाला आहे.

शेवटी स्वयंपाकघराकडच्या छोट्या चौकात जावे. येथे शोभेची चित्रे संपतात, पण एक देवघर उरते: मध्ये टोगा हे रोमन वस्त्र पांघरलेला कुलपुरुषाचा रक्षक, दोन्ही बाजूंना नाचणारे गृहदेव, आणि खाली नैवेद्याकडे सरकणारा साप. लाल दालन पाहुण्यांसाठी होते. चूल पेटवणाऱ्यांच्या नजरेसमोर दिवसभर हा देव असे.

तिकीट नावानिशी असते आणि दिवसाची प्रवेशसंख्या मर्यादित आहे, म्हणून ते आधी काढावे व ओळखपत्र जवळ ठेवावे. दालनांत शिरू देत नाहीत, त्यामुळे छोटी दुर्बीण फार उपयोगी पडते. पाण्याची बाटली रस्त्यांवरच्या नळांवर भरून घेता येते. मोझेकांसाठी नेपल्सच्या संग्रहालयाला दुसरा दिवस द्यावा, तोही मंगळवार सोडून, कारण त्या दिवशी ते बंद असते. अलेक्झांडरच्या मोझेकची दुरुस्ती हाती घेतलेली होती, म्हणून ते त्या वेळी पाहता येईल का, याची आधी चौकशी करावी.